वीसपर्यंत थांबणारे काका

वाचा गेलेल्या रुग्णांवरच्या चर्चेचं सूत्रसंचालन शिंपीकाकांकडे आलं. कार्यक्रमपत्रिकेतल्या परिचयासाठी पदव्या विचारल्या, तसं काकांचं डोकं फिरलं. "सातवी पास! छापा मोठ्या अक्षरांत."

"पदव्या गेल्या खड्ड्यात," पत्रिका करणाऱ्या बाई म्हणाल्या. "या विषयातलं तुम्हाला काय कळतं, ते सांगा."

मग काकांनी बायकोच्या आजारपणाची नऊ वर्षं सांगितली.

पत्रिकेत छापून आलं: 'पक्षाघाताने वाचा गेलेल्यांशी कसं बोलावं, हे यांना कळतं. एका वेळी एकच प्रश्न विचारतात, उत्तरासाठी मनात वीसपर्यंत मोजतात, मधे शब्द सुचवत नाहीत.'

घरी काकांनी ते मोठ्याने वाचलं. "बरोबर लिहिलंय ना गं?" त्यांनी रिकाम्या खुर्चीला विचारलं आणि सवयीने वीस मोजले. मग पुन्हा एकपासून.