ओली पावलं कुठे जातात

आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला पहिली-दुसरीच्या मुलांना जलचक्र सांगायचं होतं, आणि आमच्या शेजारच्या टेबलावर नेमका फेस काढणारा ज्वालामुखी होता. माझ्याकडे कोण थांबणार?

मी माझ्या नोट्सचे फोटो एआयला अपलोड केले, म्हटलं, छोट्यांसाठी हिंदीत भाषण करून दे. ते आलं, समुद्रावर ऊन पडतं, वाफ होते, वर थंड होऊन ढग बनतात. घरी मोठ्याने वाचलं तर दुसरीतली बहीण म्हणाली, "ताई, ये समंदर कहाँ है?"

आई हसली. "नदीकाठी रामघाटावर राहतेस नि समुद्राच्या गोष्टी सांगतेस होय गं?"

मग मी एआयला लिहिलं, आंघोळ करून वर आलं की घाटाच्या पायऱ्यांवर ओली पावलं उमटतात आणि उन्हात नाहीशी होतात, तिथून सुरू कर. त्याने केलं, पण समुद्राचं एक वाक्य ठेवलं, कारण सगळ्यात जास्त वाफ तिथूनच येते. ते बरोबरच होतं.

प्रदर्शनात पोरं ज्वालामुखीकडे पळायला लागली तसं मी घाईघाईत विचारलं, "घाट पर गीले पैर के निशान कहाँ जाते हैं?"

सगळी थांबली. एक म्हणाला, "बंदर चाट जाते हैं, दीदी." मग माझं सांगून होईपर्यंत कुणी हललंच नाही.

आता शिकायला पुण्यात आल्यावर हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना फरशीवर माझी ओली पावलं उमटतात. ती नाहीशी होईपर्यंत मी तिथेच उभी राहते.