रबराखालचं बोट

आमचे मामा औषधांच्या कारखान्यात एकतीस वर्षं टाक्या धुवायचे. निवृत्तीआधी त्यांनी कारखान्याच्या चाळीस पानी कार्यपद्धतीवरून चेकलिस्ट केली: प्रत्येक पायरीचं काम कोणाचं, हाताशी काय हवं, कुणाच्या सहीशिवाय पुढे जायचं नाही. एकच पायरी पदरची घातली. झाकणाच्या रबराखाली बोट फिरवायचं, कारण मळ तिथेच साचतो.

गुणवत्ता विभागातल्या बाईंनी ती पायरी खोडली. "मामा, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आधी मूळ कार्यपद्धती बदला."

"मंजुरी कोणाची?"

"विभागप्रमुखांची."

ती खुर्ची तीन वर्षं रिकामी.

परवा कारखान्यातला जुना सोबती निवृत्त मामांच्या घरी आला. "चेकलिस्ट झकास! रोज सगळ्या चौकटींत खुणा."

"आणि रबराखाली?"

"तिथं चौकट कुठाय?"