रिपोर्टच्या मशीनचा दोष

सुचेता राजोपाध्येचे वडील सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून बेंगळूरला आले आणि मल्लेश्वरमला घर करून राहिले. सुचेता तिथंच वाढली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पडली. १९९९ साल उजाडलं तेव्हा तिला या धंद्यात चौदा वर्षं झाली होती. पाना-पकडीची पिशवी खांद्याला लावून बसनं हिंडायचं आणि दारात पोचल्यावर ऐकायचं, "सर नाही आले?" आता तिला त्याचा रागही येत नसे. थकल्यासारखं मात्र होई, तेही सकाळीच.

बसवनगुडीतल्या रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमधून फोन आला तेव्हाही ती अशीच निघाली. तिथल्या डॉ. नंजुंडय्यांकडे दोनच आठवड्यांपूर्वी ती जाऊन आली होती. मशीन हळू चालतंय म्हणून मेमरीची एक नवी पट्टी घालून दिली होती.

लॅबच्या बाकांवर रिपोर्टसाठी माणसं ताटकळत होती. टायपिस्ट स्मिता हातानं रिपोर्ट लिहीत होती. ही बेळगावची मुलगी, सुचेताला अक्का म्हणायची. तिचे डोळे सुजलेले दिसले.

"परवापासून मशीन मधूनच आपोआप बंद-चालू होत होतं," डॉक्टर म्हणाले. "हिनं भावाच्या अभ्यासाची फ्लॉपी घातली होती. व्हायरस आला. काल एका दुरुस्तीवाल्यानं डिस्क पुसून विंडोज अठ्ठ्याण्णव परत घातलं, तीनदा. फाइली कॉपी होतात, मशीन पहिल्यांदा रीस्टार्ट होतं, आणि मग तेच चक्र. हिला मी सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलंय."

स्मितानं पुढचा रिपोर्ट लिहायला घेतला.

सुचेता खुर्चीवर बसली. सीडी आणि फ्लॉपी दोन्ही काढून घेतल्या आणि मशीन चालू केलं. विंडोजचं ढगांचं चित्र आलं, त्याखालची रंगीत रेघ सरकली, पडदा काळा झाला, आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"म्हणजे चुकून फ्लॉपीवरून सुरू होत नाहीये," ती स्वतःशीच म्हणाली. "हार्ड डिस्कवरूनच होतंय आणि विंडोज चढता चढता पडतंय."

पुढच्या वेळी तिनं कंट्रोल की दाबून धरली. मेनू आला. त्यातला नोंद ठेवून सुरू करण्याचा पर्याय तिनं निवडला. मशीन पडल्यावर पुन्हा मेनूत जाऊन नुसत्या कमांडच्या पडद्यावर थांबली आणि ती नोंदीची फाइल उघडली. कुठलं ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, चढत असताना ते पडलं, ते शेवटच्या ओळीत होतं. तिनं ती ओळ वहीत उतरवली. हेच चार वेळा केलं.

"अजून किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, स्वल्प थांबा. एकाच ड्रायव्हरचा दोष असता तर दर वेळी तिथंच पडलं असतं. इथं चारही ओळी वेगळ्या आहेत. बहुतेक विंडोजचा दोष नाही, आतल्या एखाद्या भागाचा आहे."

तिनं झाकण उघडलं. आधी आवाजाचं कार्ड काढलं, चक्र तसंच. मग मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी नवी काढली. ढगांचं चित्र आलं, रेघ सरकली, आणि या वेळी पडदा काळा न होता विंडोजचा सेटअप पुढे जाऊन मशीनमधले भाग शोधू लागला.

ती हललीच नाही. हे चालू असताना हात लावायचा नव्हता, हे खरं. पण ती वेगळ्याच कारणानं बसून राहिली होती: ती पट्टी तिनंच घातली होती. पट्टी सैल बसली असेल, या आशेनं तिनं सेटअप पुरा झाल्यावर जुनी पट्टी काढून तिच्याच खाचेत नवी नीट दाबून बसवली. मशीन पुन्हा त्याच चक्रात अडकलं. पट्टीच खराब होती. फाइली कॉपी होताना मशीनला थोडीच मेमरी लागते, म्हणून तोवर कुणाला कळत नव्हतं. विंडोज चढायला लागलं की खराब भाग वापरात येत होता.

मशीन जुनाट झालंय, असं म्हटलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. चौदा वर्षांत तिनं असं सांगणारे पुष्कळ पाहिले होते.

"डॉक्टर," ती म्हणाली, "फ्लॉपीचा काही संबंध नाही. ही पट्टी मी घातलेली. खराब निघाली. दुकानातून आणली तेव्हा तासभर चालवून बघायला हवी होती. तेवढं मी केलं नाही."

डॉक्टरांनी पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली. "सरी, ठीक आहे," एवढंच म्हणाले. मग स्मिताकडे वळले. "सोमवारी ये."

जुनी पट्टी परत बसवून सुचेतानं स्मिताला रिपोर्टचा प्रोग्राम चढवून दिला. एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं, बाकांवरची गर्दी कमी होत गेली. ती निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले की यापुढे मशीनचं दुसऱ्या कुणाकडून करून घेतील. तिनं मान डोलावली.

स्मिता दारापर्यंत आली. "अक्का, कशाला सांगितलंस?"

"तुला उगाच बोलणी बसली ना," सुचेता म्हणाली. स्मितानं कॉफी आणू का विचारलं. ती हो म्हणाली आणि रिकाम्या बाकावर पाय लांब करून बसली.