यादीतला शेवटचा रकाना

धुळ्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मी दोनदा बोलले आहे. पहिल्यांदा कंपोस्ट खतावर. त्या वेळी निम्मे लोक झोपले. म्हणून दुसऱ्यांदा विषय चुरचुरीत घेतला: आपण पोटात काय काय घालतो त्याची लेखी यादी. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, फळा दिसला की माझ्या अंगात येतं.

थोरला भाऊ गावाहून सकाळच्या एसटीने खास ऐकायला आला होता. वहिनी गेल्यापासून तो एकटाच असतो. त्याच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी मीच करून दिलेली. तीच मी नमुना म्हणून सोबत आणली होती. सुवाच्य अक्षर, सरळ रेघा. मला तिचा फार अभिमान होता.

सत्कारांनीच पाऊण तास खाल्ला. नाश्ता कार्यक्रमानंतर होता. शेवटी एकदाची उभी राहिले आणि फळ्यावर चार रकाने आखले. नाव, किती, केव्हा, कोणी सांगितलं. म्हटलं, काढा, चूर्ण, कारल्याचा रस, सगळं लिहायचं. झाडपाला म्हणून सोडायचं नाही. तोही शरीरात काम करतो आणि गोळीच्या कामात लुडबुड करतो. बंद केलेलं खोडायचं, नवीन आलं की त्याच दिवशी लिहायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

पहिल्या रांगेत भावाची मान खाली गेली. मला राग आला. माझा सख्खा भाऊ, तोही झोपला.

"भाऊ, शाळेतही असाच झोपायचास," मी माईकवरून म्हणाले. लोक हसले. त्याने मान वर केली. शर्ट घामाने छातीला चिकटलेला, हात थरथरत होते.

"माले घर जानं शे," तो आमच्या अहिराणीत म्हणाला आणि दाराच्या उलट्या दिशेला, भिंतीकडे चालू लागला.

मी खडू टाकून खाली उतरले. मंडळातल्या एक निवृत्त सिस्टर धावल्या, त्याला खुर्चीत बसवलं, कपाटातलं साखर तपासायचं यंत्र काढलं. अठ्ठेचाळीस, फारच कमी. "गिळता येतंय तोवर साखरपाणी द्या," त्या म्हणाल्या. चहासाठी ठेवलेली साखर पाण्यात ढवळून मी पेला त्याच्या ओठांशी धरला. अर्धं पाणी माझ्या पदरावर सांडलं. थोड्या वेळाने त्याने मला ओळखलं. मग रिक्षाने दवाखाना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सकाळी गोळी घेऊन काहीच न खाल्ल्याचं त्यांनी टिपून घेतलं. मग विचारलं, "आणखी काही घेतात? चूर्ण, काढा?"

"नाही. ही घ्या यादी. मी स्वतः केली आहे," मी ठसक्यात म्हटलं. सोबत आलेल्या मंडळाच्या अध्यक्षांनीही मान डोलावली.

सलाइन लागलं. साखर वर आली. "अशीच राहिली तर संध्याकाळी सोडू," त्या म्हणाल्या. तासाभराने पुन्हा तपासली तर खाली घसरलेली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. भावाला परत घाम फुटला होता. तो पुसायला रुमाल हवा म्हणून मी त्याच्या पिशवीत हात घातला.

हाताला रिकामी बरणी लागली. तिच्यावर कागद चिकटवलेला: गुडमार-मेथी चूर्ण, सकाळी एक चमचा. सुवाच्य अक्षर. माझं.

दिवाळीला मीच दिली होती. शेजारणीला गुण आला म्हणून चूर्ण दळून आणलं, बरणी भरून दिली आणि विसरले. परत भरून न्यायला त्याने ती धुऊन आणली होती.

खोटं कशाला सांगू, बरणी पिशवीतच राहू द्यावी असं मला वाटलं. अध्यक्ष शेजारीच उभे होते. उद्या अख्ख्या मंडळात बोभाटा झाला असता, बाई फळ्यावर एक शिकवतात आणि घरी दुसरंच करतात. मी भावाकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"डॉक्टर, हेही घेतो तो. रोज," मी म्हणाले.

त्यांनी कागद वाचला. हे चूर्णही साखर उतरवतं, आणि ह्या गोळीचा असर बराच वेळ टिकतो, म्हणाल्या. आता आज सोडायचं नाही, दर तासाला तपासायचं. चूर्ण बंद, गोळीचं काय ते त्या ठरवतील, आपल्या मनाने काही करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोहे खात बसला होता. साखर रात्रभर टिकली होती. मी विचारलं, "यादी करताना मी सगळी औषधं विचारली होती ना? हे का नाही सांगितलंस?"

"ते कोठे औषध शे?" तो म्हणाला. "ते तर तू दिन्हं व्हतं."

मला रडू आवरेना. तो पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवत राहिला.

मग मी यादी काढली. चूर्णाचं नाव लिहिलं, एक चमचा, सकाळी, आणि त्यावर काट मारली. शेवटचा रकाना, कोणी सांगितलं, तो तेवढा काट न मारता ठेवला. तिथे लिहिलं: बहिणीने.