बदली माणूस

बाबांना वाघाची भीती वाटली नसती इतकी बदली माणसाची वाटायची. सोसायटीची बाग आणि जिने सांभाळायचं काम त्यांना मिळालंच तसं. आधीचा माळी हाडं मोडून पडला, त्याच्या जागी आठवडाभरासाठी म्हणून बाबा आले आणि तो बिचारा कुबड्या टेकत परत आला तेव्हा सोसायटीने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. बाबांनी तोंडातून ब्र काढला नाही. पण तेव्हापासून एक दिवस सुट्टी घेतली असेल तर शपथ.

यंदा नव्या कमिटीने वर्षभराच्या कामाचं लेखी प्रस्तावपत्र मागितलं. ते मी लिहिलं. बागेला बाबा, जिने-पार्किंगला दोन बायका. खत, झाडू, फिनेल, गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल आमच्याकडून. नवी रोपं, पाणी आणि पाइपची दुरुस्ती सोसायटीकडे. बायकांपैकी कुणी आली नाही तर त्यांच्यातल्या एकीची आत्या येईल, तेही लिहिलं. बागेच्या बदली माणसापुढे बाबांनी जागा कोरी सोडायला लावली.

"बाबा, विचारतील."

"विचारू देत. मी आजारी पडत नाही."

जिना चढताना हल्ली ते मध्येच कठडा धरून उभे राहायचे आणि भिंतीवरची नोटीस वाचल्याचं नाटक करायचे. मला त्याने धडकी भरायची.

मीटिंगमध्ये सेक्रेटरीबाईंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "माळी आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येणार? नाव आणि नंबर द्या, नाहीतर दुसऱ्यांचं प्रस्तावपत्र आमच्याकडे आहेच."

बाबा त्या कोऱ्या जागेकडेच बघत होते. काम हातचं जाणार हे दिसत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "धाकटे काका! रोपवाटिकेत अर्धा दिवस असतात. सकाळी मोकळे असतात."

बाईंनी नाव लिहून घेतलं, बाबांची सही घेतली. वर म्हणाल्या, "एकदा आणून ओळख करून द्या."

आम्ही गेटबाहेर आलो. बाबा म्हणाले, "सख्खा भाऊ दिलास. त्याला हाकलायलाही जमायचं नाही मला."

"काका तसे नाहीत."

"मी तरी कुठं तसा होतो?"

मी गेट ओढून घेतलं.

"उद्या आणतो त्याला," ते म्हणाले. "झाडं दाखवतो, मशीन दाखवतो. पाण्याचा मुख्य वॉल्व्ह कुठं पुरलाय ते नाही सांगणार."

"आणि तुम्ही खरंच आजारी पडलात तर? बाग सुकेल की!"

"सुकू दे. मग मलाच बोलावतील."

एवढं बोलून ते वळले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्या भिंतीवर वाचायला काहीच नव्हतं.