दोन्ही वेळा शून्य

माझा स्वभाव संशयी. शाळा तपासत फिरणाऱ्या बाईचा तो तसाच असावा, असं मला अजूनही वाटतं. म्हणूनच सेमाडोहकडच्या एका आश्रमशाळेचा निकाल आला तेव्हा साहेबांनी अमरावतीहून मलाच धाडलं. सहावीच्या गणितात वर्षाच्या सुरुवातीला वर्गाला शून्य, शेवटीही शून्य. मास्तर अकोल्याकडचा, तासिका तत्त्वावरचा.

"झोपा काढतो की शिकवतो ते बघा," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी ठेवायचा की नाही, ते तुमच्या अहवालावर."

शहरातल्या एका शाळेत त्याच पेपरात दोन्ही वेळा जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी होते. वाढ तिथेही दिसत नव्हती, पण तिथे पेढे वाटले गेले. हे मला तेव्हाच खटकलं होतं.

मास्तर दारातच भेटला. "मॅडम, पेपर सारा अपूर्णांकाचा. माह्या पोरांले आता कुठं वजाबाकी येऊन राहिली. पेपरात वजाबाकीच नाही, तं दिसन कुठून?"

पाठ करून ठेवलंय बेट्याने, असं मला वाटलं. मी त्याला बाहेर बसवलं आणि एकेका मुलाला वेगळं बोलावून माझ्या मनचे प्रश्न विचारले. आधी आकडे वाचायला लावले, मग बेरीज, मग हातच्याची वजाबाकी, मग गुणाकार. एका मुलीने हातच्याची वजाबाकी भराभर केली. मी आकडे बदलले, तरी बरोबर. तिच्यानंतरचा मुलगा दोन अंकी संख्येपाशीच अडला. आणखी एकीला गुणाकारही येत होता. चुकायचे तेही प्रत्येक जण आपापल्या परीने. पढवलेली मुलं एकसारखी चुकतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. कागदावर मात्र ही सगळी शून्याच्या एकाच पंगतीत बसली होती. मला पेपर काढणाऱ्यांचा भयंकर राग आला.

अहवालात मी सगळं लिहिलं. मास्तरला ठेवा, असंही लिहिलं.

साहेबांनी तो शांतपणे वाचला. "आज येतं, कबूल. पण हे सुरुवातीला येत नव्हतं कशावरून? पाचवीतूनच शिकून आली असतील तर?"

सुरुवातीचा पेपरही तोच होता आणि त्यातही सगळी शून्यावरच होती. कोण कुठून निघालं, याचा पुरावा कोणाकडेच नव्हता. प्रश्न चोख होता, एरवी तो मीच विचारला असता.

मास्तरला पुढच्या वर्षी घेतलं नाही. मीच त्याला फोन करून सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं, पण चिडला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमी तं मार्चात आल्या. तेच प्रश्न जूनमंदी कोनं कावून नाही विचारले?"