नदीला दिलेली साडी

नदीचं पुष्कर, म्हणजे पुण्यस्नानाचं पर्व, बारा वर्षांनी येतं, म्हणून काकूने सिरोंच्याला जायचा हट्टच धरला. पोंभुर्ण्याहून आम्ही दोघीच निघालो.

घाटावर तिनेच मला शिकवलं. आधी काठावर पाय धुवायचे, साबण लावायचा नाही, तीन बुड्या मारायच्या, सूर्याला ओंजळीने पाणी द्यायचं आणि कपडे नदीत पिळायचे नाहीत. पाण्यात बांबू रोवून दोर बांधला होता. भोंग्यावरून घसा फोडून सांगत होते, "दोराच्या पुढे जाऊ नका. ओटीच्या साड्या पाण्यात सोडू नका, काठावरच्या टोपलीत टाका." टोपली रिकामीच. टोपलीत टाकलं तर पुण्य कमी पडतं म्हणे! वरच्या अंगाला बाया खुशाल साड्या सोडत होत्या.

काकू दोराच्या अलीकडेच होती, कमरेएवढ्या पाण्यात. दोन बुड्या मारून वर आली. तिसरीनंतर आलीच नाही. मी ओरडले, वाकले, पण मागून रेटणाऱ्या गर्दीने मलाच पुढे ढकललं. नावेतल्या बचाववाल्यांनी उड्या टाकून तिला बाहेर काढलं, तोवर ती गेली होती. तिच्या दोन्ही पायांना कुणाची तरी हिरवी साडी घट्ट गुंडाळली होती.

त्यांनी ती सोडवून वाळूवर टाकली. गर्दीतल्या एका बाईने साडी उचलली, पिळली नाही, तशीच घडी केली आणि वर हळदकुंकू वाहिलं.

"बाई, काय करून राह्यल्या?" मी विचारलं.

"नदीले देल्लं वापस घेत नाई," ती म्हणाली आणि माझ्यादेखत तिने साडी पाण्यात सोडली.

खालच्या अंगाला बाया बुड्या मारतच होत्या.